सोन्याचा बाजार कधी भरतो, कधी ओस पडतो: एमसीएक्सवर नव्याने येणाऱ्यांसाठी

सराफाच्या दुकानातल्या पाटीवर सोन्याचा भाव दिवसातून एकदा, फार तर दोनदा बदलतो. त्यामुळे वायद्यात नव्याने येणाऱ्या माणसाला वाटतं की सोन्याला दिवसाचा एकच भाव असतो आणि तो थोडा खालीवर होतो. प्रत्यक्षात सोन्याचा जागतिक बाजार सोमवार पहाटेपासून शनिवार पहाटेपर्यंत जवळजवळ अखंड चालू असतो. या काळात सौदे करणारी माणसं मात्र दर काही तासांनी बदलतात. सकाळी शांघायचे व्यापारी असतात, दुपारी लंडनच्या बँका येतात, संध्याकाळी न्यूयॉर्कचे फंड येतात. माणसं बदलली की भावाची चालही बदलते. शिवाय एक पाळी उठून गेलेली आणि दुसरी अजून आलेली नाही, अशी एक वेळ रोज येते. तेव्हा बाजार चालू असतो, पण समोर घेणारा-देणारा क्वचितच असतो.

गंमत म्हणजे ही सगळ्यात ओस वेळ येते तेव्हा आपला वायदेबाजार, म्हणजे एमसीएक्स, बंद असतो. म्हणून तिचा त्रास नाही असं वाटेल, पण तो होतो. फक्त सकाळी नऊला, वेगळ्या रूपात.

पहिली पायरी: भारतीय वेळेत घड्याळ मांडा

एका कागदावर दोन रकाने करा, एक अमेरिकेच्या उन्हाळी वेळेचा आणि एक हिवाळी. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आपण घड्याळ हलवत नाही, म्हणून तिकडची प्रत्येक गोष्ट आपल्याला हिवाळ्यात तासभर उशिरा दिसते. खाली मी उन्हाळी वेळा देतो आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या वेळांत हिवाळ्यासाठी एक तास मिळवा. चीन-जपानच्या वेळा वर्षभर त्याच राहतात.

न्यूयॉर्कच्या कॉमेक्सवरचा सोन्याचा वायदा आपल्या पहाटे साडेतीनला उघडतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अडीचला बंद होतो. मधली सुटी फक्त एक तासाची. टोकियोतली कार्यालयं भारतीय वेळेनुसार साडेपाचच्या सुमारास भरतात आणि शांघाय गोल्ड एक्स्चेंजचं दिवसाचं सत्र साडेसहाला सुरू होतं. शांघायचा स्वतःचा संदर्भभाव लिलावातून ठरतो, आपल्या पावणेआठला आणि पावणेबाराला. ही पद्धत एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. एमसीएक्स सकाळी नऊला उघडतं. लंडन दीड वाजेपर्यंत पूर्ण जागं झालेलं असतं. त्यांचे दोन लिलाव दुपारी तीनला आणि संध्याकाळी साडेसातला होतात. संध्याकाळी सहाला अमेरिकेची महत्त्वाची आकडेवारी येते, म्हणजे रोजगार, महागाई वगैरे. सातला तिथला शेअर बाजार उघडतो. रात्री अकराला कॉमेक्सचा त्या दिवसाचा सेटलमेंट भाव ठरतो आणि साडेअकराला एमसीएक्स बंद होतं. हिवाळ्यात मात्र एमसीएक्स ११:५५ पर्यंतच चालतं. एक अख्खा तास काही वाढत नाही, पस्तीस मिनिटं कमी पडतात. हा पस्तीस मिनिटांचा हिशेब पुढे कामाला येईल.

एक बारकावा. लंडनची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात, म्हणजे अमेरिकेशी त्यांचा मेळ नाही. मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावरचा एक आठवडा लंडनच्या वेळा हिवाळ्याच्या आणि न्यूयॉर्कच्या उन्हाळ्याच्या असतात. एरवी लंडनचा दुसरा लिलाव आणि न्यूयॉर्कचे सकाळचे दहा हे एकाच क्षणी येतात, त्या आठवड्यांत येत नाहीत. ठरावीक वेळ बघून सौदे करणारे याच दिवसांत चक्रावतात.

दुसरी पायरी: कोण कशासाठी आलंय ते ओळखा

आशियाई सकाळी सोनं घेणाऱ्यांत वस्तू म्हणून सोनं हवं असणारे बरेच असतात: दागिने घडवणारे, लगडी विकणारे, आयातदार. हा गिऱ्हाईक भावाच्या मागे धावत नाही. भाव उतरला की घेतो, चढला की थांबतो. त्यामुळे साध्या दिवशी सकाळी नऊ ते साडेबारा एक वाजेपर्यंत भाव आदल्या रात्रीच्या बंद भावाभोवतीच थोडासा फिरत राहतो. चार्टवर लहान लहान मेणबत्त्या दिसतात आणि नवख्याला वाटतं, आज काही होणार नाही.

याला अपवाद आहेत. शनिवार-रविवारी जगात काही घडलं असेल, तर त्याची पहिली प्रतिक्रिया सोमवारी पहाटे आशियातच उमटते. शिवाय एप्रिल २०२४ मध्ये शांघायच्या वायदेबाजारात सोन्याची उलाढाल विक्रमी वाढली होती आणि तेजीचे मोठे धक्के आशियाई वेळेतच येत होते. आशिया म्हणजे शांतता ही सवय आहे, नियम नव्हे.

लंडनचं स्वरूप वेगळं. तिथला व्यवहार मुख्यतः बँका आणि मोठ्या पेढ्यांमध्ये थेट होतो, एक्स्चेंजच्या पडद्यावर नाही. खाणकंपन्या आणि शुद्धीकरण करणारे कारखाने यांचा माल याच जाळ्यातून फिरतो, मध्यवर्ती बँकांचाही बराच. पूर्वी रोथशील्ड बँकेच्या कार्यालयात १९१९ पासून भाव ‘फिक्स’ व्हायचा. त्याच्या जागी मार्च २०१५ पासून इलेक्ट्रॉनिक लिलाव आला. या लिलावात ठरलेल्या भावाने जगभरचे करार पूर्ण होतात. सगळ्यांत मोठ्या गोल्ड ईटीएफचं, म्हणजे एसपीडीआर गोल्ड शेअर्सचं मूल्यांकनही दुसऱ्या लिलावाच्या भावाने होतं. त्यामुळे ज्यांना नेमक्या त्या भावाला माल द्यायचा-घ्यायचा असतो ते सगळे एकाच वेळी हजर होतात.

न्यूयॉर्कचा माणूस सोन्याकडे डॉलर आणि व्याजदर यांच्या चष्म्यातून बघतो. रोजगाराचा आकडा अपेक्षेपेक्षा चांगला आला, तर व्याजदर चढे राहतील असं वाटतं, आणि व्याज न देणारं सोनं त्याला नकोसं होतं. हे गणित तो दागिन्यांच्या मागणीचा विचार न करता काही सेकंदांत मांडतो. दिवसातली सगळ्यात मोठी हालचाल बहुतेक वेळा संध्याकाळी सहा ते साडेनऊमध्ये येते, ती याचमुळे. लंडन अजून उठून गेलेलं नसतं, न्यूयॉर्क पूर्ण बसलेलं असतं, आणि दोघांचे सौदे एकमेकांवर आदळतात.

तिसरी पायरी: रिकामेपणा मोजायला शिका

तरलता म्हणजे उलाढाल, अशी सरसकट समजूत आहे. ती अर्धीच बरोबर आहे. तरलता म्हणजे तुमचा सौदा भाव फारसा न हलवता पार पडतो का, एवढंच. ती मोजायला कुठला इंडिकेटर लागत नाही, ट्रेडिंग ॲपमधली मार्केट डेप्थ पुरते.

गोल्ड मिनी, म्हणजे `GOLDM`, उघडा. हा वायदा १०० ग्रॅमचा असतो आणि भाव १० ग्रॅमचा दाखवतात, म्हणून भावात एक रुपया फरक पडला की तुमच्या खात्यात दहा रुपयांचा फरक पडतो. डेप्थमध्ये घेणाऱ्यांच्या पाच बोली आणि विकणाऱ्यांच्या पाच बोली दिसतात. सर्वांत वरच्या दोन बोलींमधलं अंतर म्हणजे स्प्रेड. समजा संध्याकाळी सात वाजता घेणारा १,२०,००० ला आहे आणि विकणारा १,२०,०१० ला. इथे घेऊन लगेच विकलं तर दहा रुपये गुणिले दहा, म्हणजे शंभर रुपये गेले. तोच वायदा सकाळी नऊ वाजून एका मिनिटाला बघितला आणि अंतर साठ रुपयांचं असलं, तर सहाशे गेले. दलाली आणि कर वेगळे. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुम्ही स्वतःचे लिहा. सकाळी नऊ पाच, दुपारी बारा, दुपारी दोन, संध्याकाळी सात आणि रात्री अकरा वीस, या वेळांना स्प्रेड आणि पाच बोलींमधली एकूण संख्या आठवडाभर वहीत टिपा. तुमच्या वायद्याचं घड्याळ कुठल्याही लेखापेक्षा त्या वहीतून जास्त नीट कळेल.

हे टिपताना दोन गोष्टी लक्षात येतील. एक म्हणजे वायद्याचा महिना फार महत्त्वाचा आहे. चालू महिन्याच्या मिनीत गर्दी असते, त्याच वेळी तीन महिने पुढच्या मिनीत शुकशुकाट असतो. अशा दूरच्या वायद्यात पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसणारा शेवटचा भाव वीस मिनिटांपूर्वीचाही असू शकतो. तो भाव बघून ऑर्डर टाकू नका, बोली बघा.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. संध्याकाळी पाच अठ्ठावन्नला डेप्थ भरलेली असते. पाच एकोणसाठ पन्नासला ती अचानक पातळ होते. बाजारात सतत दोन्ही बाजूंच्या बोली लावणाऱ्या संस्था आकडा येण्याआधी आपल्या बोली काढून घेतात, कारण आकडा फुटताच जुन्या भावाला त्यांच्याकडून कुणीतरी माल उचलून नेईल ही भीती असते. त्यामुळे दिवसातल्या सगळ्यात गजबजलेल्या तासातच काही सेकंदांची पोकळी तयार होते. महिन्याच्या साधारण पहिल्या शुक्रवारी अमेरिकेचा रोजगार अहवाल येतो, तेव्हा हे डोळ्यांनी बघता येतं. त्या दिवशी ऑर्डर न टाकता नुसती डेप्थ बघत बसणं हा फुकटचा आणि उत्तम अभ्यास आहे.

एमसीएक्सवर सकाळी स्प्रेड का पसरतो याचंही कारण इथेच आहे. आपल्याकडे बोली लावणारे मोठे खेळाडू बहुतेकदा एमसीएक्सवर घेतलेला माल कॉमेक्सवर विकून स्वतःला मोकळं करतात. कॉमेक्सची डेप्थ पातळ असेल, तर ते इथेही हात आखडता घेतात. दुपारी लंडन आलं की आपल्या पडद्यावरची अंतरं आपोआप आवळतात, कुठलीही देशी बातमी नसताना.

९ ऑगस्ट २०२१ ची पहाट

सगळ्यात ओस वेळ म्हणजे कॉमेक्स बंद होण्याआधीचा तास-दोन तास आणि पुन्हा उघडल्यापासून टोकियो-शांघाय भरेपर्यंतचा काळ. आपल्या रात्री साडेबारा-एक ते पहाटे साडेपाच. त्यातही सोमवारची पहाट सगळ्यात वाईट, कारण शनिवार-रविवारची साचलेली भीती आणि साचलेल्या ऑर्डरी एकदम दारात येतात.

शुक्रवार, ६ ऑगस्ट २०२१ ला अमेरिकेचा रोजगार अहवाल फारच चांगला आला. जुलैमध्ये ९ लाख ४३ हजार नोकऱ्या वाढल्या होत्या. सोनं त्याच दिवशी दोन टक्क्यांहून जास्त पडलं आणि औंसाला १,७६० डॉलरच्या आसपास बंद झालं. अनेकांचे स्टॉप-लॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीला आला की नुकसान थांबवायला आपोआप सुटणाऱ्या ऑर्डरी, त्याच्या थोडे खाली लागलेले असणार, कारण उन्हाळ्यातल्या आधीच्या नीचांकाची पातळी तिथेच होती.

सोमवारी जपानला सुटी होती आणि सिंगापूरला राष्ट्रीय दिनाची. म्हणजे त्या पहाटे जे थोडेफार लोक एरवी हजर असतात तेही नव्हते. आपल्या पहाटे चार ते पाचच्या दरम्यान विक्रीची लाट आली. समोर बोली नव्हत्या, म्हणून भाव पुढची बोली सापडेपर्यंत खाली गेला. तिथे स्टॉप-लॉस पेटले, त्यांनी आणखी विक्री केली. काही मिनिटांत सोनं १,६९० डॉलरच्याही खाली गेलं, शुक्रवारच्या बंद भावापेक्षा चार टक्क्यांहून खाली. मग खरेदीदार जागे झाले आणि पडझडीचा मोठा भाग भरून निघाला. दिवसभरात भाव १,७४० च्या आसपास फिरत राहिला.

आता हा प्रसंग मुंबईतून बघा. ती घसरगुंडी झाली तेव्हा एमसीएक्स बंद होतं. नऊला ते उघडलं तेव्हा नीचांक होऊन गेला होता, पण शुक्रवारच्या मानाने भाव खालीच होता. शुक्रवारी रात्री तेजीचा सौदा घेऊन झोपलेल्याला ना खालच्या टोकाला घेता आलं, ना वरच्या टोकाला सुटता आलं. उलट दुबई किंवा सिंगापुरात राहून `XAUUSD` मध्ये, म्हणजे थेट डॉलरमधल्या सोन्यात, सौदे करणाऱ्यांचा बाजार त्या पहाटे चालू होता. ज्यांचे स्टॉप-लॉस लागलेले होते ते तळाला बाहेर फेकले गेले, आणि भाव तासाभरात वर आलेला त्यांनी बघितला. दोन वेगवेगळे धोके, मूळ एकच.

चौथी पायरी: रात्र काढायची की नाही, हे आधी ठरवा

आता ते पस्तीस मिनिटांचं गणित. अमेरिकेच्या फेडचा व्याजदराचा निर्णय तिथल्या दुपारी दोनला जाहीर होतो. उन्हाळ्यात म्हणजे आपल्याकडे रात्री बरोबर साडेअकरा, एमसीएक्स बंद होतं त्याच मिनिटाला. हिवाळ्यात साडेबारा, एमसीएक्स बंद झाल्यावर पस्तीस मिनिटांनी. म्हणजे वर्षातले फेडचे आठही निर्णय आपला बाजार मिटल्यावर येतात. अध्यक्षांची पत्रकार परिषद त्यानंतर अर्ध्या तासाने सुरू होते, आणि बहुतेक वेळा भाव खरा हलतो तो तेव्हा.

समजा अशा रात्री तुमच्याकडे गोल्ड मिनीचा एक लॉट १,२०,००० ला घेतलेला आहे. स्टॉप-लॉस १,१९,४०० ला ठेवला आहे. सहाशे रुपयांचा फरक, म्हणजे तुमच्या मते जास्तीत जास्त सहा हजारांचं नुकसान. रात्री फेडने कडक सूर लावला आणि सोनं दीड टक्का पडलं. सकाळी एमसीएक्स उघडतं १,१८,२०० ला. १,१९,४०० हा भाव सौद्यासाठी आलाच नाही, मधला भाग नुसती दरी आहे. नुकसान अठराशे रुपये गुणिले दहा, अठरा हजार.

त्यातही ऑर्डरचा प्रकार आडवा येतो. साधी डे-ऑर्डर रात्रीच रद्द झालेली असते, म्हणजे सकाळी तुमचा स्टॉप-लॉस अस्तित्वातच नसतो. तो सकाळी परत लावला किंवा ब्रोकरच्या जीटीटी सोयीत, म्हणजे भाव लागेपर्यंत ऑर्डर जपून ठेवणाऱ्या सोयीत, ठेवलेला असला, तरी तो लिमिट प्रकारचा, म्हणजे ठरवलेल्या भावाखाली न विकणारा असेल आणि लिमिट १,१९,३५० ची असेल, तर ऑर्डर जागी होते पण भरत नाही, कारण बाजार तिच्या खूप खाली आहे. तुम्ही सुटलो समजून कामावर जाता आणि सौदा तसाच उघडा राहतो. म्हणून सकाळी नऊ दहाला पोझिशनचा रकाना उघडून बघा. ऑर्डरचा रकाना बघून समाधान मानू नका.

यावर उपाय स्टॉप-लॉस जवळ आणणं हा नाही, माप कमी करणं हा आहे. दोन टक्के दरी पडली तर किती जाईल, हे धरून रात्रीचा माल ठरवा. १,२०,००० च्या भावाला गोल्ड मिनीत दोन टक्के म्हणजे चोवीस हजार. ते झेपत नसतील, तर `GOLDPETAL` हा एक ग्रॅमचा वायदा आहे. तिथे दोन टक्के म्हणजे लॉटमागे दोनशे चाळीस रुपये. पेटलमध्ये स्प्रेडही टिपून घ्या, लहान आकाराची किंमत काही वेळा तिथे वसूल होते.

सकाळी दरी पडलेली दिसली की पहिली पंधरा-वीस मिनिटं घाईने मार्केट ऑर्डर टाकू नका. रात्रीचे सगळे अडकलेले त्याच वेळी दारात असतात आणि बोली पातळ असतात. मी स्वतः पहिल्या मिनिटांत फक्त लिमिट ऑर्डर वापरण्याच्या मताचा आहे, मग चार रुपये कमी मिळाले तरी चालतील.

हे घड्याळ कुठे चुकतं

एमसीएक्सचा भाव म्हणजे डॉलरमधला सोन्याचा भाव, रुपयाचा दर आणि आयात शुल्क यांची बेरीज-गुणाकार. शेवटच्या दोन गोष्टींना लंडन-न्यूयॉर्कचं घड्याळ ठाऊक नाही. २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्पात सोन्यावरचं शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्के झालं आणि एमसीएक्सवर भर दुपारी सोनं कोसळलं. त्या वेळी जागतिक भावात तसं काहीच घडत नव्हतं. कॉमेक्सचा चार्ट लावून बसलेल्याला त्या दिवशी काहीही कळलं नसतं. रुपयाचं तसंच. आंतरबँक बाजार दुपारी साडेतीनला मिटतो, त्यानंतरची रुपयाची हालचाल दुसऱ्या दिवशी सकाळच्या सोन्याच्या भावात मिसळून येते. म्हणून सकाळची दरी कधी कधी सोन्याची नसून रुपयाची असते. डॉलरमधला भाव जागेवर असेल आणि एमसीएक्स हललं असेल, तर आधी तिकडे बघा.

भरलेल्या वेळेतही धक्का बसतो. २६ जून २०१७ ला लंडनची सकाळ सुरू होताना, आपल्या दुपारी दीडला, एका मिनिटात सुमारे १८ लाख औंसांचे सौदे झाले आणि भाव दीड टक्क्याच्या आसपास खाली आला. बाजारात माणसं होती, तरी एवढा माल एका घासात पचला नाही.

सुट्ट्यांच्या दिवशी कागदावरच्या वेळा बाजूला ठेवा. चिनी नववर्ष आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली चीनची सुटी यांत सकाळ नेहमीपेक्षा रिकामी जाते. नाताळ ते नववर्ष या काळात संध्याकाळही तशीच. आपल्या काही सणांना एमसीएक्स सकाळचं सत्र बंद ठेवून संध्याकाळी पाचला उघडतं, तेव्हा दिवसभराची जागतिक हालचाल पाचच्या ठोक्याला दरी बनून दिसते. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्त सौद्यांत लोक शकुनापुरतं घेतात. तिथे एखादा पेटल घ्यायला हरकत नाही, पण मोठा लॉट सोडवायला ती वेळ निवडू नका. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर वर्षाची सुट्ट्यांची यादी सत्रांसह दिलेली असते. ती घड्याळाच्या कागदामागेच चिकटवून ठेवा.